‘खाऊन-पिऊन-राहून’ : एका हॉटेल कामगाराच्या पगारातील कपातीचे प्रकरण

हे प्रकरण 2019 मधील आहे. महामार्गालगतच्या एका हॉटेलात किचन हेल्पर म्हणून काम करणारा, मराठवाड्यातून आलेला तेवीस वर्षांचा तरुण सप्टेंबरमध्ये आमच्या कामगार सल्ला केंद्रात आला, तेव्हा त्याच्या हातात पगाराच्या सात पाकिटांचा गठ्ठा होता. प्रत्येक पाकिटावर निळ्या पेनाने एकच हिशेब लिहिलेला होता: पगार 10,000, जेवण 3,000, रूम 1,500, ड्रेस 300, हातात 5,200. ओळख पटू नये म्हणून येथे ठिकाण आणि नावे दिलेली नाहीत, आणि हिशेब कोणालाही ताडून पाहता यावा म्हणून रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न येथे नव्हता, कारण हॉटेलात कामगार चौदाच होते आणि तो कायदा साधारणपणे वीस कामगारांपासून लागू होतो.

त्याची तक्रार कपातीबद्दल नव्हती, हे आधी नोंदवले पाहिजे. मे महिन्यात तो बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस गावी गेला आणि परतल्यावर त्याच्या पाकिटात फक्त 1,354 रुपये निघाले, एवढेच त्याला खटकले होते. बाकीच्या महिन्यांत हातात 5,200 पडतात याला तो सरावला होता. कामावर ठेवताना मॅनेजरने ‘दहा हजार, खाऊन-पिऊन-राहून’ असे सांगितले होते. या शब्दांचा त्याने घेतलेला अर्थ ‘दहा हजार मिळतील आणि जेवण-राहणे वर’ असा होता. मॅनेजरला अभिप्रेत असलेला अर्थ ‘दहा हजारांत जेवण-राहणे धरून’ असा होता. हॉटेलच्या धंद्यात ही बोली सर्रास चालते आणि ती दोन्हीकडे वळते. त्यामुळे अशा प्रकरणात पहिला प्रश्न ‘किती कापले’ हा नसून ‘पगार म्हणून ठरले ते नेमके काय’ हा असतो.

येथे त्या प्रश्नाचे उत्तर मालकाच्याच कागदांनी दिले. हॉटेल व उपाहारगृह हा किमान वेतनाच्या अनुसूचीतील रोजगार असल्यामुळे त्याच्या वर्गवारीला आणि परिमंडळाला लागू असलेले मूळ वेतन व विशेष भत्ता मिळून सुमारे दहा हजार देणे बंधनकारक होते, आणि अकाउंटंटने पगारपत्रकात तोच आकडा लिहिला होता. म्हणजे दहा हजार ही मॅनेजरने दाखवलेली उदारता नव्हती. ती कायद्याची तळरेषा होती. सगळी कपात या तळरेषेच्या खाली उतरत होती, आणि या प्रकरणाचा पेच तिथेच आहे. पगार जर अठरा हजार असता आणि त्यातून जेवणाचे तीन हजार गेले असते, तर किमान वेतनाचा प्रश्न उद्भवला नसता.

कायद्याची मांडणी थोडक्यात अशी होती. किमान वेतन अधिनियम, 1948 प्रमाणे किमान वेतन रोख द्यावे लागे. वस्तुरूपात देण्याची जेथे रूढी आहे तेथेच, आणि शासनाने अधिसूचनेने मुभा दिली तरच, त्याचा काही भाग वस्तुरूपात देता येई. कपात मात्र सर्वस्वी निषिद्ध नव्हती. वेतन प्रदान अधिनियम, 1936 मधील कपातींच्या यादीत मालकाने दिलेले निवासस्थान हे एक कारण होते, आणि दुसरे कारण होते शासनाने आदेशाने मान्य केलेल्या सुखसोयी व सेवा. या दोन्हींना आणखी दोन अटी जोडलेल्या होत्या: ती सोय कामगाराने नोकरीची अट म्हणून किंवा अन्यथा स्वीकारलेली असली पाहिजे, आणि कापलेली रक्कम त्या सोयीच्या मूल्यापेक्षा जास्त असता कामा नये. कामासाठी लागणारी हत्यारे आणि कच्चा माल यांना ‘सेवा’ म्हणता येत नाही, असेही तेथे स्पष्टीकरण होते. ड्रेसच्या तीनशे रुपयांचा निकाल तिथेच लागतो, कारण हॉटेलच्या नावाचा टी-शर्ट आणि अ‍ॅप्रन ही हॉटेलची गरज आहे आणि तो ड्रेस घालून कोणी बाजारात जात नाही. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

खोलीचे मात्र तपशिलात पाहावे लागते. हॉटेलपासून दोनशे पावलांवर एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे भाडे 7,000 आणि विजेचा खर्च सुमारे 1,000, असा मालकाला महिन्याला 8,000 रुपये खर्च येत होता. त्यात दहा कामगार राहत, म्हणजे माणशी 800 पडतात. प्रत्येकाकडून 1,500 कापले जात, म्हणजे 15,000 जमा होत. सात हजारांचा हा फरक म्हणजे मालकाने आपल्याच कामगारांवर चालवलेला भाड्याचा जोडधंदा होता, आणि तो भाडेकरूंना विचारून नव्हे तर त्यांच्या पाकिटातून चालत होता.

‘मूल्य’ म्हणजे मालकाचा खर्च की बाजारातले भाडे, हे कायद्याने उलगडून सांगितलेले नाही, आणि मालकाच्या सल्लागाराने नेमके तेच धरले: शहरात कॉट बेसिसवर राहायला गेला असता तर बाराशे-पंधराशे लागलेच असते. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण कॉट बेसिस म्हणजे निदान स्वतःची एक कॉट आणि कुलूप लावायला एक कपाट. आम्ही खोली पाहायला गेलो तेव्हा दहा माणसांसाठी सहा गाद्या मोजल्या. रात्रपाळीचे चौघे सकाळी येत, तेव्हा सकाळपाळीचे चौघे उठून गेलेले असत आणि गादी गरमच असे. सामान खिळ्यांना टांगलेल्या पिशव्यांत होते. संडास खाली, दुकानाच्या मागे, दुकानदाराच्या कुटुंबासह एकच होता. ज्याला चोवीस तासांतले बारा तासच गादी मिळते त्याच्याकडून पूर्ण कॉटचे भाडे घेता येत नाही. म्हणून बाजारभावाचे माप लावले तरी 1,500 चे समर्थन होत नव्हते, आणि खर्चाचे माप लावले तर 800 च्या वर काहीच उरत नव्हते.

पण रकमेपेक्षा मला महत्त्वाचा वाटलेला प्रश्न वेगळा आहे: ती खोली कोणाच्या सोयीची होती? हेल्परची ड्युटी तुटक होती, सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, ज्याला हॉटेलवाले ‘ब्रेक ड्युटी’ म्हणतात. पहाटे साडेपाचला त्या रस्त्याला एस.टी. नसते आणि रात्री अकरानंतर तर नसतेच. म्हणजे कामाची वेळ मालकाने अशी आखली होती की दोनशे पावलांवर राहिल्याशिवाय ते काम करताच येत नव्हते. शिवाय भाजीचा टेम्पो रात्री दीडला आला की मॅनेजर खालून मिस्ड कॉल द्यायचा आणि दोघे-तिघे उठून पोती उतरवायचे. त्या वेळेची नोंद कुठेही होत नव्हती. खोलीमुळे मालकाला चोवीस तास हाताशी माणसे मिळत होती. ज्या जागेमुळे धंदा चालतो तिचे भाडे धंद्याने भरावे, की तिथे झोपणाऱ्याने? माझ्या मते अशा ठिकाणी खोली ही पगाराबाहेरची सोय मुळी नसतेच. ती भट्टी आणि फ्रीज यांच्यासारखी धंद्याची साधनसामग्री असते.

कायद्याने हा विचार एका क्षेत्रात स्पष्टपणे स्वीकारलेला होता. या हेल्परचा थोरला भाऊ त्याच वेळी एका बांधकामाच्या साइटवर सेंट्रिंगचे काम करत होता. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यातील कलम 34 प्रमाणे मालकाने काम चालू असेपर्यंत साइटवर किंवा जवळ तात्पुरते निवासस्थान विनामूल्य द्यायचे असे, आणि त्यात स्वयंपाकाची, आंघोळीची, धुण्याची व शौचाची वेगळी सोय असावी लागे. भावाचे घर पत्र्याचे होते, उन्हाळ्यात तापायचे, मुकादम लाइटबिलाच्या नावाखाली काहीतरी घ्यायचाच. पण भाडे मात्र कोणी कापत नव्हते. दोघे भाऊ एकाच गावचे आणि दोघांनाही कामामुळेच कामाजवळ राहावे लागते. तरी एकाला निवारा कायद्याने फुकट आणि दुसऱ्याच्या निवाऱ्यावर मालकाला नफा, असा भेद करण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण मला दिसत नाही. एकासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि दुसऱ्यासाठी झाला नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

जेवणाचा हिशेब वेगळ्या प्रकारचा आहे, कारण माणूस कुठेही राहिला तरी जेवतोच. मालकाचे म्हणणे येथे सर्वांत भक्कम होते आणि ते त्याने मनापासून मांडले: “बाहेर दोन वेळची खानावळ लावली असती तर किती लागले असते? आणि इथे पोटभर मिळते.” पोटभर मिळत होते, हे खरे होते. सकाळी चहा-पोहे, दुपारी व रात्री वरण, भात, चपात्या आणि एक भाजी. ती भाजी बहुतेकदा आदल्या रात्रीच्या उरलेल्या ग्रेव्हीत केलेली असायची. आम्ही हेल्परला आणि तिथल्या जुन्या आचाऱ्याला बसवून माणशी रोजचा शिधा लिहून काढला: कणीक 400 ग्रॅम, तांदूळ 200 ग्रॅम, तूरडाळ 75 ग्रॅम, शिवाय भाजी, तेल, पोहे, दोन वेळचा चहा आणि गॅस. जवळच्या बाजारातील किरकोळ भावाने त्याचे 58 रुपये झाले. आम्ही 60 धरले. किरकोळ भाव मुद्दाम घेतला, कारण वस्तुरूप वेतनाची किंमत काढताना जवळच्या बाजारातील किरकोळ भाव पाहायचा, असा किमान वेतनाच्या केंद्रीय नियमांचा दंडक होता आणि तो मालकाच्याच फायद्याचा आहे; त्याला माल घाऊक भावात मिळतो.

कपात मात्र रोजच्या 100 रुपयांनी होत होती, आणि तीसही दिवसांची होत होती. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सुट्टीवरच्या माणसाचे जेवण स्वयंपाकात धरले जात नसे; तो बाहेर वडापाव खाऊन दिवस काढायचा. त्यामुळे प्रत्यक्ष जेवणाचे दिवस 26, आणि 60 च्या दराने 1,560 रुपये होतात. आकारले जात होते 3,000. खानावळीशी केलेली तुलना इथे उलटते, कारण खानावळवाला खाडे धरतो. तुम्ही चार दिवस गावी गेलात तर आधी सांगितल्यास तो चार दिवसांचे पैसे वळते करतो. मालक खानावळीचा दर सांगत होता, पण खानावळीचा रिवाज पाळत नव्हता.

मे महिन्याच्या पाकिटाचे कोडे यातूनच सुटते. त्या महिन्यात 26 पैकी 16 दिवस काम झाले, म्हणून पगार 6,154 झाला. गैरहजेरीची ही वजावट रीतसरच होती. पण जेवण, रूम आणि ड्रेस यांचे 4,800 जसेच्या तसे कापले गेले, आणि हातात 1,354 आले. ज्या दहा दिवसांत तो लग्नघरी पंगतीला वाढत होता, त्या दहा दिवसांचे हॉटेलातले जेवणही त्याच्या नावावर पडले. एरवी कपात पगाराच्या 48 टक्के भरत होती, आणि वेतन प्रदान अधिनियमातील 50 टक्क्यांची मर्यादा सांभाळूनच आकडे बसवले आहेत, असे अकाउंटंटने आम्हाला काहीशा अभिमानाने सांगितले होते. मे महिन्यात तीच कपात 78 टक्क्यांवर गेली. ज्या मर्यादेचा त्याने स्वतः आधार घेतला तीच त्याच्या पगारपत्रकाने मोडली होती. अशा प्रकरणात खाड्यांचा महिना आधी शोधावा, असे मी नवीन कार्यकर्त्यांना सांगतो. पूर्ण महिन्यांच्या कागदांवर हिशेब नेटका बसवलेला असतो. रजेच्या महिन्यात कपात खऱ्या वापरावर अवलंबून आहे की ती ठोक वसुली आहे, हे लगेच उघडे पडते.

मालकाने दुसरा बचाव संमतीचा घेतला. त्याच्याकडे छापील फॉर्म होता, त्यावर ‘जेवण, निवास व इतर कपाती मला मान्य आहेत’ असे लिहून खाली हेल्परची सही होती. रकमेची जागा मात्र सहीनंतर वेगळ्या शाईने भरलेली होती. त्या शाईचा मुद्दा आम्ही लावून धरला नाही, कारण संमतीचा प्रश्न त्याहून खोल आहे. किमान वेतनाचा हक्क कमी करणारा करार कायद्याने शून्यवत असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर राबणे हे संविधानाच्या अनुच्छेद 23 खालील वेठबिगारीत मोडते, असे ठरवले. त्या प्रकरणातील एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते: तेथील किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे होते, आणि जमादार आपले कमिशन म्हणून त्यातला एक रुपया कापून घेत, म्हणून मजुराच्या हाती 8 रुपये 25 पैसे पडत. कागदावर पूर्ण आणि हातात अपुरे, हा प्रकार जुनाच आहे.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर कायद्यात एक फट होती. अधिकृत कपातीनंतर हातात किमान वेतनाहून कमी पडले तर ते किमान वेतनाचे उल्लंघन ठरत नाही, कारण वेतन आधी पूर्ण ‘दिले’ आणि मग त्यातून कपात केली, असे धरले जाते. म्हणून आमचा भर संमती नव्हती यावर नव्हता. कपात अधिकृत नव्हती यावर होता. जेवणाच्या कपातीला शासनाचा कोणता आदेश आधारभूत आहे, असे आम्ही लेखी विचारले, आणि मालकाला तो दाखवता आला नाही. तेवढ्याने जेवणाची सगळीच कपात कायद्याच्या दृष्टीने निराधार झाली.

पण कायद्याच्या दृष्टीने निराधार म्हणजे अन्यायकारकच, असे मी म्हणणार नाही. जेवण घेतले होते, ते खाल्ले होते, आणि स्वतः हेल्परलाही ‘खाल्ल्याचे पैसे द्यायला माझी ना नाही’ असेच वाटत होते. न्याय्य काय हे ठरवायला किमान वेतन कशासाठी असते तिकडे पाहावे लागते. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे निकष ठरवले: कमावत्यासह तीन उपभोग घटकांचे कुटुंब, प्रौढ माणसाला दिवसाला 2,700 कॅलरींचा आहार, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. म्हणजे किमान वेतनात अन्नाचा जो वाटा आहे तो तीन घटकांचा आहे. कामगार स्वतः त्यातला एक घटक आहे. त्याच्या एकट्याच्या जेवणासाठी फार तर त्या अन्नखर्चाचा एक तृतीयांश भाग कापता येईल. घरभाड्याचा वाटाही कुटुंबाच्या घरासाठी आहे, आणि हेल्परचे आईवडील गावी ज्या घरात राहत होते त्याचा खर्च तो हॉटेलच्या खोलीत झोपतो म्हणून थांबलेला नव्हता. एकट्या माणसाच्या वरण-भातासाठी आणि अर्ध्या गादीसाठी कुटुंबाच्या वेतनातून 45 टक्के घेतले की तिघांच्या अन्नाचा, कापडाचा आणि घराचा भार उरलेल्या रकमेवर पडतो. या मापाने पाहिले तर प्रत्यक्ष जेवलेल्या दिवसांचे शिध्याच्या खर्चाइतके पैसे घेणे मला रास्त वाटते, त्यापुढे एक रुपयाही नाही. आणि ब्रेक ड्युटी लावणाऱ्या मालकाने खोलीचे काहीच घेऊ नये.

याच्या उलट रचनाही जगात आहे, हे येथे सांगावेसे वाटते. ब्रिटनच्या किमान वेतनाच्या कायद्यात मालकाने दिलेल्या जेवणाची किंमत किमान वेतनात धरताच येत नाही. निवासाची धरता येते, पण ठरावीक कमाल दराने, जो एप्रिल 2019 मध्ये दिवसाला 7.55 पौंड होता. खोली कितीही ऐसपैस असो, किमान वेतनाच्या हिशेबात त्याहून जास्त वळते करता येत नाही. यातून न्याय पूर्ण होतो असे नाही, पण गाद्या मोजत आणि डाळीचा भाव विचारत हिंडण्याची वेळ मात्र येत नाही. आपल्याकडे ‘मूल्यापेक्षा जास्त नाही’ एवढेच म्हटले आहे, आणि मूल्य सिद्ध करण्याचा सगळा खटाटोप ज्याच्याकडे भाडेपावती नाही त्या कामगाराच्या वाट्याला येतो.

चर्चेच्या दुसऱ्या फेरीत अकाउंटंटने एक तोडगा सुचवला आणि त्यापासून कामगारांनी विशेष सावध राहावे. पुढच्या महिन्यापासून कपातच दाखवणार नाही, पगारपत्रकात थेट ‘5,500 व जेवण-निवास मोफत’ असे लिहू, असे तो म्हणाला. हातात तीनशे जास्त पडणार म्हणून हेल्पर क्षणभर खूशही झाला. पण वेतनाचा पायाच खाली आणला की त्यावर उभे असलेले सगळे खाली येते. जादा कामाचा दर दुप्पट असतो, पण कशाच्या दुप्पट? दहा हजारांच्या वेतनावर तासाचा दर सुमारे 48 रुपये येतो, साडेपाच हजारांवर 26. सुट्टीचा पगार, बोनस, उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी, या सर्वांचे माप त्याच प्रमाणात आखडते. शिवाय साडेपाच हजार हा आकडा उघडउघड किमान वेतनाखाली होता, हे अकाउंटंटच्या लक्षात आलेच नव्हते की आमच्या लक्षात येणार नाही असे त्याला वाटले, ते कळले नाही. (भविष्य निर्वाह निधीचा कायदा या बाबतीत जास्त चाणाक्ष होता. तेथे वर्गणी काढताना जेवणाच्या सवलतीची रोख किंमत महागाई भत्त्यात धरली जाई, म्हणून ‘मोफत जेवण’ दाखवून वर्गणी वाचत नसे.)

दावा दाखल करताना मुदतीचा फटका बसला. किमान वेतन अधिनियमाखालील दावा रक्कम देय झाल्यापासून सहा महिन्यांत करायचा असे. आमचा अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस गेला, त्यामुळे मार्च ते ऑगस्ट हे सहा महिने मुदतीत बसले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात देय झालेला फेब्रुवारीचा पगार निसटला. उशिराला पुरेसे कारण दाखवून तो घेता आला असता, पण एका महिन्यासाठी वेगळा वाद वाढवू नये असे हेल्परनेच सांगितले. सहा महिन्यांची एकूण कपात 28,800 होती. त्यावर दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला असतो. ती क्वचितच पूर्ण मिळते, पण समोरच्याला टेबलावर आणायला ती तरतूद उपयोगी पडते.

तडजोडीसाठी आम्ही दोन आकडे तयार ठेवले होते. पहिला, कपात सर्वस्वी बेकायदा धरून 28,800. दुसरा, जेवण व खोली खऱ्या खर्चाने मान्य करून: ड्रेसचे 1,800, खोलीचे दरमहा 700 प्रमाणे 4,200, जेवणाचे पाच महिन्यांचे 1,440 प्रमाणे 7,200 आणि मे महिन्याचे 2,040, असे एकूण 15,240. सुनावणीच्या दुसऱ्या तारखेला 20,000 वर तडजोड झाली. मला ती कमी वाटली. पण तोपर्यंत हेल्परने हॉटेल सोडले होते, भावाच्या साइटवर काम धरले होते, आणि प्रत्येक तारखेला त्याचा एक दिवसाचा रोज आणि एस.टी.चे भाडे बुडत होते. “दादा, अजून दोन तारखा झाल्या तर जिंकूनही तेवढेच राहील,” हे त्याचे गणित चुकीचे नव्हते.

तडजोड एकट्याची होती, त्यामुळे तीत उरलेल्या नऊ जणांबद्दल एक अक्षर नव्हते. मालकाने खोलीची कपात आपणहून 800 वर आणली आणि किचनच्या दाराशी जेवणाची वही टांगली, तीत प्रत्येक जण जेवल्यावर आपल्या नावापुढे खूण करू लागला. ड्रेसचे तीनशे मात्र ‘डिपॉझिट’ या नावाने चालू राहिले. दोघांनी नातेवाइकांकडे राहू, खोली नको, असे सांगितले, तेव्हा मॅनेजरने खोली नको तर ड्युटी दुसरीकडे बघा, असे उत्तर दिले.

आज असाच कामगार आला तर हिशेब तोच राहील, पण आधार बदलेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आणि ती दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी आली. निवासाची कपात, शासनाने मान्य केलेल्या सुखसोयींची कपात, कामगाराने स्वीकारलेले असण्याची अट, मूल्याची कमाल मर्यादा आणि एकूण कपातीची 50 टक्क्यांची मर्यादा हे सारे तेथे कायम आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची झाली, त्यामुळे फेब्रुवारीचा पगार आज निसटला नसता. आणि वेतन पूर्ण दिले हे सिद्ध करण्याचा भार आता स्पष्टपणे मालकावर आहे, म्हणजे भाडेपावती त्याने आणायची आहे. वेतनाच्या व्याख्येत एक नवी गोष्ट मात्र आली आहे: वेतनाऐवजी वस्तुरूपात काही दिले तर एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतचे त्याचे मूल्य वेतनाचाच भाग मानले जाईल. उपदान किंवा बोनस मोजताना हे कामगाराच्या हिताचे आहे, कारण त्याने पाया रुंदावतो. पण हॉटेलवाल्यांचे सल्लागार हेच वाक्य ‘पंधरा टक्क्यांपर्यंत जेवण पगारात धरता येते’ असे वाचू लागले आहेत. दहा हजारांवर ते 1,500 होतात, आमच्या शिध्याच्या हिशेबाला फक्त साठ रुपये कमी. आकडा जवळ आला म्हणून अर्थ तोच होत नाही: कापण्याची परवानगी व्याख्येतून मिळत नाही, ती कपातीच्या यादीतून मिळते, आणि जेवणासाठी त्या यादीत शासनाच्या आदेशाची अट आजही आहे. पुढच्या पाकिटावर ‘जेवण 1,500’ लिहिलेले दिसले की तो आदेश लेखी मागावा, आणि जेवणाच्या वहीतल्या खुणा मोजाव्यात.